पत्र्याची गोल टाकी: आतला व्यास ६००, उंची ९००, पत्रा नेमका किती लांब कापायचा आणि वजन किती धरायचं?

रबाळे_पत्राकाम
नमस्कार मंडळी. माझं रबाळे एमआयडीसीत छोटं फॅब्रिकेशनचं युनिट आहे, जास्त करून चौकोनी टाक्या, स्टँड, गार्ड असली कामं असतात. आता एका हीट ट्रीटमेंटवाल्याची क्वेंचिंग ऑइलची गोल टाकी आलीये. एमएस, ३ एमएम, आतला व्यास ६०० आणि आतली उंची ९००, वरून उघडी, तळ सपाट. आतला व्यास त्याला पक्का पाहिजे कारण त्याची जॉब उतरवायची बास्केट ५८० ची आहे आणि ती सरळ खाली गेली पाहिजे.

प्रश्न असा की पत्र्याची लांबी किती कापू. रोलिंगवाला म्हणतो १९०४ काप, आमचा पार्टनर ६०० गुणिले पाय करून १८८५ म्हणतो. मधे १९ एमएमचा फरक आहे, दोघंही ठाम आहेत. दुसरं म्हणजे कोटेशन किलोवर द्यायचंय तर वजन कुठलं धरू, तयार टाकीचं का आणलेल्या पत्र्याचं? कळंबोलीहून १२५० × २५०० चा एक शीट आणायचा विचार आहे, एकात बसलं तर बरं, तळासाठी दुसरा शीट फोडायचा नाहीये.

डायमेकर_वागळे
सोपं आहे साहेब. ब्लँकचा व्यास = √(d² + ४dh). तुमच्या मापाला ३,६०,००० अधिक २१,६०,००० म्हणजे २५,२०,००० चं वर्गमूळ, १५८७ एमएमची गोल चकती लागेल. वर ट्रिमिंगला थोडं धरा.

रबाळे_पत्राकाम
१५८७ ची चकती? १२५० रुंदीच्या शीटमधून ती कशी काढणार. मला पत्रा गोल वळवून जोड मारायचाय आणि खाली तळ वेल्ड करायचाय.

फोरमन_काका_कळवा
डायमेकर दादा, तुमचं सूत्र बरोबर आहे पण ते प्रेसच्या कामाचं, म्हणजे एकाच चकतीतून डाय-पंचने बिनजोड डबा ओढायचा तेव्हाचं. त्यात चकतीचं क्षेत्रफळ आणि डब्याचं क्षेत्रफळ सारखं धरलेलं असतं. इथे १५८७ चकती आणि ६०० चा पंच म्हणजे प्रमाण २.६ च्या पुढे जातं, पहिल्या ओढीला साधारण १.८ ते २ च्या वर गेलात की तळाच्या कोपऱ्यात फाटतंच. रबाळेवाल्यांचं काम रोलिंगचं आहे.

आता मूळ प्रश्न. पत्रा वळतो तेव्हा बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते आणि जाडीच्या बरोबर मधला थर आहे तेवढाच राहतो. जमिनीवर सपाट असताना जी लांबी तुम्ही कापता ती वळल्यावर त्या मधल्या थराची लांबी असते. म्हणून व्यास मधला धरायचा, आतला ६०० अधिक एक जाडी ३, म्हणजे ६०३. ६०३ × ३.१४१६ = १८९४.४. एवढंच कापायचं.

रोलिंगवाल्याने बाहेरचा व्यास ६०६ धरला म्हणून त्याचे १९०४ आले, तुमच्या पार्टनरने आतला ६०० धरला म्हणून १८८५. दोघांचं उत्तर साडेनऊ एमएमने दोन दिशांना चुकलंय. १९०४ कापलात तर आतला व्यास ६०३ होणार, १८८५ कापलात तर ५९७. बास्केट ५८० ची असल्यामुळे ती दोन्हीत उतरेल, पण तळाची चकती ५९८ ची कापून ठेवली असेल तर ५९७ मधे ती जाणार नाही आणि ६०३ मधे दोन्हीकडे अडीच-अडीच एमएमची फट राहणार, तेल धरायच्या टाकीला ती फट भरत बसणं म्हणजे तळ तापून वाकणार.

सिद्धेश_डिझाइन_ठाणे
काकांचं तत्त्व बरोबर पण मधला थर कधीच बरोबर मधे नसतो. तो आतल्या बाजूला सरकतो, त्यासाठी के फॅक्टर असतो. आमच्या सॉफ्टवेअरमधे शीट मेटलला डीफॉल्ट ०.४४ आहे. त्याने ६०० + २ × ०.४४ × ३ = ६०२.६४, लांबी १८९३.२. मी हेच घेईन. आणि वजन पण मॉडेलमधूनच काढतो, घनता ७.८५ टाकली की हातात आकडा येतो, कोटेशनला तोच द्यायचा, वाद नको.

फोरमन_काका_कळवा
सिद्धेश, थर आत सरकतो हे खरंय, पण कधी? प्रेस ब्रेकवर ३ एमएमचा पत्रा ३-४ एमएमच्या आतल्या त्रिज्येत कडक वाकवतो तेव्हा. इथे त्रिज्या ३०० आणि जाडी ३, त्रिज्या जाडीच्या १०० पट आहे, एवढ्या सैल वळणात थर जवळजवळ मधेच राहतो. म्हणजे के ०.५ धर. तुझ्या उत्तराने एक एमएमचा फरक पडतोय, या कामाला तो चालून जाईल, पण तोच ०.४४ उद्या १२ एमएम प्लेटच्या शेलला लावलास तर साडेचार एमएम कमी कापशील. डीफॉल्ट आकडा सॉफ्टवेअरने ब्रेकवरच्या बेंडसाठी ठेवलेला असतो, रोलिंगला तो बदलून घ्यायचा.

वजनाचं मात्र मला पटत नाही. मॉडेलचं वजन तयार टाकीचं असतं, दुकानदार बिल शीटचं करतो.

सिद्धेश_डिझाइन_ठाणे
के चं मान्य, रोलिंगला ०.५ करतो. वजनाबद्दल ग्राहक तयार वजनावरच पैसे देतो ना?

फोरमन_काका_कळवा
देतो, पण त्याचा किलोचा दर ठरवताना तुला शीटच्या वजनाचा हिशेब मांडावाच लागतो. आधी तळ कुठे बसणार ते ठरवूया, त्याशिवाय वजन निघत नाही.

रबाळेवाले, तळ शेलच्या खाली बाहेरून लावणार का शेलच्या आत बसवणार? बाहेरून लावलात तर चकती कमीत कमी ६०६ ची लागते. आता शीट २५०० लांब आहे, त्यातून १८९४.४ गेले की उरतात ६०५.६. म्हणजे ६०६ ची चकती अर्ध्या एमएमपेक्षा कमी फरकाने हुकते, कटिंगची फट धरली तर अजूनच. तळ आत बसवलात तर चकती ५९८ ची, ती त्या ६०५ च्या तुकड्यात आरामात निघते. आणि रोलिंगवाल्याचे १९०४ कापलेत तर उरणार ५९६, मग ५९८ पण निघत नाही! त्या साडेनऊ एमएमवर दुसरा शीट आणायचा की नाही ते ठरतंय. म्हणून म्हटलं ते वर नीट बघा.

रबाळे_पत्राकाम
काका हे भारी आहे, हे लक्षातच आलं नव्हतं. तळ आतच बसवतो. पण मग उंची?

फोरमन_काका_कळवा
आत बसवताना तळ शेलच्या खालच्या काठापासून १० एमएम वर घ्या. म्हणजे बाहेरून खालच्या बाजूने पण फिलेट मारता येतो आणि वेल्ड जमिनीवर घासत नाही. पण आतली उंची ९०० हवी असेल तर शेलची उंची ९०० + ३ तळाची जाडी + १० = ९१३ कापा. शीट १२५० रुंद आहे, काही अडत नाही. ९०० च कापलंत तर आत ८८७ मिळणार आणि त्याची बास्केट हँडलसकट बुडायची असेल तर तेलाची पातळी कमी पडेल.

वजन आता असं. ३ एमएम एमएस पत्रा एक चौरस मीटरला ७.८५ × ३ = २३.५५ किलो.
शेल १.८९४४ × ०.९१३ = १.७३ चौ. मी., वजन ४०.७ किलो.
तळ ५९८ व्यास, ०.२८१ चौ. मी., ६.६ किलो.
टाकी ४७.३ किलो. आणि आख्खा शीट १.२५ × २.५ = ३.१२५ चौ. मी., ७३.६ किलो. आता सव्वीस किलो कुठे जातात ते तुमच्या कोटेशनमधे दिसलं पाहिजे. त्यातली ३३७ रुंद आणि १८९४ लांब पट्टी कामाची उरते, तळाच्या बाजूला ६०५ × ६५० चा तुकडा उरतो, आणि चकतीच्या चार कोपऱ्यांचे दोनेक किलो तेवढे खरे भंगारात.

मशीनशॉप_महापे
आम्ही एक्सेलमधे हेच टाकून ठेवलंय, रबाळेवाले तुम्ही घ्या. A2 मधे आतला व्यास, B2 मधे शेलची उंची, C2 मधे जाडी, सगळं एमएममधे. पहिली ओळ लांबी देते, दुसरी शेलचं वजन किलोत.

```
=PI()*(A2+C2)
=PI()*(A2+C2)*B2*C2*7.85/1000000
```

एसएस ३०४ असेल तर ७.८५ च्या जागी ७.९३ टाका. बाजारात एसएसला ८ धरून सांगतात, तोंडी हिशेबाला ठीक पण ३-४ शीट झाले की एक-दोन किलोचा फरक पडतो.

कल्पना_वाशी
नमस्कार, मी इंजिनिअर वगैरे नाही पण धागा वाचून विचारावंसं वाटलं. सोसायटीच्या गच्चीवर कंपोस्टसाठी पत्र्याची गोल बिनं करून घ्यायची आहेत, व्यास ४०० आणि उंची ६०० असा आमचा अंदाज. पत्रेवाला म्हणाला १२५० रुंदीचा ०.८ एमएम जीआय पत्रा आहे, आडवा वळवला तर बरोबर बसेल, ४०० × ३.१४ म्हणजे १२५६, "थोडंसं खेचून घेऊ" असं म्हणाला. खेचता येतं का?

फोरमन_काका_कळवा
ताई, नाही. खेचून वाढत नाही. आणि त्याने जोडाचा विचारच केलेला नाहीये. तुमचा जीआय पत्रा, त्याला वेल्ड नको करू, जस्त जळून तिथूनच गंजणार आणि त्याचा धूरही वाईट, तर काठावर काठ चढवून रिव्हेट मारतील. त्या चढवण्याला म्हणजे ओव्हरलॅपला २० एमएम जातात. आतला ४०० हवा तर लांबी (४०० + ०.८) × ३.१४१६ = १२५९, अधिक २० म्हणजे १२७९. १२५० मधे ते होणार नाही.

दोन मार्ग आहेत. पत्रा लांबीकडून घ्या, २५०० च्या बाजूने १२७९ कापा, मग १२५० च्या रुंदीत ६०० उंचीच्या दोन पट्ट्या निघतात, म्हणजे दोन बिनं. पण लांबीत १२२१ उरतात आणि त्यात अजून बिन निघत नाही. नाहीतर व्यास कमी करा. १२५० वजा २० म्हणजे १२३०, भागिले ३.१४१६ = ३९१.५, त्यातून पत्र्याची जाडी वजा केली की आतला व्यास ३९० च्या जरा वर. ३९० ठेवलंत तर २५०० लांबीच्या शीटमधून ६०० उंचीची चार बिनं निघतात आणि वरती १०० एमएमची पट्टी उरते. कंपोस्टला ४०० आणि ३९० मधे काही फरक पडणार नाही, पैशात फरक पडेल.

कल्पना_वाशी
खूप धन्यवाद काका! ३९० च करून घेते. एका बिनाचं वजन साधारण किती होईल, गच्चीवर न्यायचंय.

मशीनशॉप_महापे
ताई कडेचा पत्रा १.२५ × ०.६ × ०.८ × ७.८५ म्हणजे ४.७ किलो, तळ आणि झाकण वेगळं. सहा-सात किलोच्या आसपास धरा.

रोलिंग_तुर्भे
मी रोलिंगचंच काम करतो, १९०४ सांगणारा मी नव्हे. लांबी १८९४ बरोबर आहे पण कोणी एक गोष्ट बोललंच नाही. तीन रोलच्या मशीनवर पत्र्याची दोन्ही टोकं वळत नाहीत, सपाट राहतात. माझ्याकडे काम आलं तर मी दोन्हीकडे ५० - ५० एमएम जास्त मागतो, वळवल्यावर ती सपाट टोकं कापून टाकतो. म्हणजे १९९४ पाहिजे.

रबाळे_पत्राकाम
१९९४ कापलं तर उरणार ५०६, तळ गेला. आता काय?

फोरमन_काका_कळवा
तुर्भेवाल्यांचा मुद्दा खरा आहे, मीच सांगणार होतो. सपाट टोकांनी तसंच जोडलं तर जोडाजवळ पत्रा बाहेरच्या बाजूला टोकदार उभा राहतो आणि वेल्डिंगनंतर तो दबत नाही. बघायची रीत अशी, कार्डबोर्डचा नाहीतर पत्र्याचा एक ४००-५०० एमएम लांबीचा फर्मा ३०३ त्रिज्येचा कापा आणि जोडावर बाहेरून टेकवा. फर्मा जोडाच्या टोकावर टेकून दोन्ही बाजूंना उघडा राहिला की समजायचं टोकं सपाट राहिलीत.

पण त्याला १०० एमएम पत्रा घालवायची गरज नाही. ३ एमएमला टोकं आधी वाकवून घेता येतात. रोलवर खाली एक जाड, आधीच वळवलेली प्लेट घालून त्यावर पत्र्याचं टोक ठेवायचं आणि दाबायचं, किंवा ब्रेकवर जवळजवळ बारीक-बारीक दाब देत शेवटचे ८०-१०० एमएम वळवायचे. मग मधलं रोलवर. आणि शेवटी जोड वेल्ड झाला की शेल परत एकदा रोलमधून फिरवायचा, जोड ग्राइंड करून. त्याने गोलाई बऱ्यापैकी येते. चार रोलची मशीन असेल तर हा प्रश्न बराच कमी होतो.

रोलिंग_तुर्भे
३ एमएमला वाकवून घेता येतं हे मान्य काका. पण त्याला वेळ लागतो आणि त्याचा मी वेगळा दर घेतो. ग्राहक पत्रा वाचवायला बघतो आणि माझी मजुरी विसरतो.

फोरमन_काका_कळवा
बरोबर आहे, ती मजुरी कोटेशनमधे धरायलाच पाहिजे. पण दुसरा शीट आणण्यापेक्षा ती नक्की कमी पडेल.

सिद्धेश_डिझाइन_ठाणे
रूट गॅपचं काय? बट जोडाला आपण दोन एमएम गॅप ठेवतो ना, मग लांबीतून दोन वजा करायला हवेत. १८९२.४.

मशीनशॉप_महापे
आम्ही वजा करतो. गॅप दोनचा ठेवायचा तर धातू दोनने कमी लागणारच.

फोरमन_काका_कळवा
मी ३ एमएमला टिग मारतो तेव्हा गॅप ठेवतच नाही, काठाला काठ भिडवून टॅक करतो. आणि गॅप ठेवला तरी वेल्ड थंड होताना तो आखडतो, एखाद एमएम तरी खातोच. म्हणून मी १८९४ च ठेवतो.

मशीनशॉप_महापे
काका आम्ही मिग मारतो, भिडवून मारलं की आत पेनिट्रेशन बरोबर येत नाही, तेलाची टाकी आहे, आतून दिसणारा रूट हवा. आम्ही गॅप ठेवतोच.

फोरमन_काका_कळवा
मिग असेल तर ठेवा. दोन एमएमने व्यासात अर्ध्या एमएमच्या जरा वर फरक पडतो, ५९८ ची चकती तरीही बसेल. मी माझ्या रीतीनेच करणार.

रबाळे_पत्राकाम
माझ्याकडे मिग आहे. बघतो. दुसरा एक प्रश्न, रोल झाल्यावर तपासायचं कसं की माप बरोबर आलंय? टॅक करण्याआधीच कळलं तर बरं.

फोरमन_काका_कळवा
टेप बाहेरून गुंडाळा. इथे पुष्कळ लोक गोंधळतात. जमिनीवर १८९४ कापलं आणि गुंडाळल्यावर बाहेरून १९०४ आलं तर ते बरोबर आहे, बाहेरचा व्यास ६०६ आहे म्हणून. बाहेरून १८९४ च आलं तर टोकं एकमेकांवर चढलीत, जोड सरळ करा. वर, मधे आणि खाली तिन्ही ठिकाणी टेप मारा, तीन-चार एमएमचा फरक दिसला तर शेल शंकूसारखा होतोय, रोलचा दाब एका बाजूला जास्त पडलाय.

आणि पत्रा रोलला देण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. १८९४ × ९१३ च्या आयताचा कर्ण साधारण २१०३ येतो. दोन्ही कर्णांत दोन-तीन एमएमचा फरक असेल तर गुंडाळताना काठ पुढेमागे सरकतो, खालचा काठ जोडाजवळ पायरीसारखा होतो, मग शेल जमिनीवर टेकत नाही. तो वेल्डिंगने सुधारत नाही.

तळाची चकती मात्र सगळ्यात शेवटी, शेल टॅक झाल्यावर आतलं माप घेऊन कापा. लेझरवाला म्हणेल एकाच वेळी नेस्ट करतो, पण शेल थोडा लहान आला तर चकती घासता येते, मोठा आला तर वाढवता येत नाही.

मशीनशॉप_महापे
वजनाबद्दल एक. ३ एमएम म्हणून आणलेला पत्रा ३ असेलच असं नाही. आम्ही शीट काट्यावर ठेवतो आणि वजन २४.५३ ने भागतो, १२५० × २५०० चा शीट एक एमएम जाडीला तेवढ्या किलोचा होतो. ७० किलो आला तर जाडी २.८५ निघते. मायक्रोमीटर काठावरच लागतो, काट्याने आख्ख्या शीटची जाडी कळते. तुम्ही ७३.६ धरून कोटेशन दिलंत आणि माल ७० आला तर तुमचा फायदा, पण ग्राहकाने तयार टाकी काट्यावर ठेवली तर ४७ ऐवजी ४५ येणार, आणि मग वाद होणार. मी तर कोटेशनमधेच "जाडीच्या टॉलरन्सनुसार वजनात फरक पडेल" असं लिहितो.

रबाळे_पत्राकाम
हे लिहून ठेवतो. आता ग्राहकाचा फोन आला होता, म्हणतो वरती झाकण पण पाहिजे, तेलाने पेट घेतला तर पटकन टाकून विझवता यायला हवं. आणि काठ वाकू नये म्हणून वर सळईची रिंग. झाकणाला मला ६४० ची चकती लागणार, ती आता त्या शीटमधून निघणार नाही ना?

फोरमन_काका_कळवा
रिंगला १० एमएमची सळई घ्या. ती बाहेरून बसते म्हणून तिचा मधला व्यास ६०६ + १० = ६१६, लांबी १९३५. मीटरला ०.६१७ किलो, म्हणजे १.२ किलो.

झाकण एक अखंड चकती म्हणून निघणार नाही, तुमचा मोठा तुकडा ६०५ रुंद आहे. पण शेलच्या शेजारी ती ३३७ रुंद पट्टी उरली ना? ६४० च्या चकतीचे दोन अर्धे करा, एकेक अर्धा ६४० लांब आणि ३२० रुंद. ३३७ च्या पट्टीत दोन्ही एकापाठोपाठ निघतात, १२८० लागतात, पट्टी १८९४ आहे. शीटच्या कडा सरळ करायला ट्रिम केलं तरी ३३० च्या आसपास उरतेच. दोन अर्ध्यांना मधे बिजागऱ्या लावा, म्हणजे अर्धं उघडून बास्केट सोडता येतं आणि पूर्ण बंद पण होतं. फक्त मधल्या फटीवर आडवी पट्टी एका अर्ध्याला वेल्ड करा, ती दुसऱ्यावर चढली पाहिजे, नाहीतर हवा आत जाणार आणि झाकण टाकून आग विझायची नाही. झाकणाचं वजन ७.६ किलो, सगळं मिळून ५६ च्या आसपास, सळई सोडून बाकी सगळं एकाच शीटमधून.

रोलिंग_तुर्भे
बिजागरी शेलच्या काठाला वेल्ड करणार असाल तर रोलिंग झाल्यावर करा, आधी नको. आणि पत्रा आणताना कळंबोलीत शीटची खरी लांबी टेपने मोजून घ्या, काही २५०० च्या वर पाच-सहा एमएम येतात, काही कडा तिरक्या असतात. २४९६ चा आला तर तुमचा ५९८ चा तळ ६०१ मधे बसवायचा आहे, प्लाझ्माने कापलं तर कठीण जाईल.

रबाळे_पत्राकाम
उद्या टेप घेऊनच जातो. लांबी १८९४ करतो, गॅपचं काय ते वेल्डरशी बोलून ठरवतो. टॅक झालं की बाहेरचं माप इथे टाकतो.